एकरी टन की हेक्टरी क्विंटल? दोन शेतांतल्या उसाची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कोल्हापूरकडचं, सासर इंदूरचं. माहेरी भाऊ ऊस लावतो. इकडे माझे धाकटे दीर खलघाटचा पूल ओलांडून निमाडात ऊस लावतात. गेल्या दिवाळीत दोघे लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी समोरासमोर बसले आणि वाद पेटला. भाऊ म्हणाला, "मला एकरी अठ्ठेचाळीस पडला." दीर म्हणाले, "मला हेक्टरला एक हजार वीस." दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा आकडा कळत नव्हता. शेवटी दोघांच्या पावत्या आणि उतारे माझ्यापुढे आले, कारण शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई घरात मीच. तेव्हापासून दोन्हीकडचे नातेवाईक आणि कॉलनीतले शेतीवाले फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

एकरी टनाचं हेक्टरी क्विंटल करायला कितीने गुणायचं?

२४.७१ ने. एकरी ४० टन म्हणजे हेक्टरी ९८८ क्विंटल.

हा आकडा आला कुठून? पाठ न करता काढता येईल का?

येईल, आणि तसाच काढावा. पाठ केलेला आकडा ऐन वेळी दगा देतो. इथे दोन गोष्टी बदलतात, वजन आणि जमीन. एका टनात १० क्विंटल असतात, म्हणून वजनासाठी १० ने गुणायचं. एका हेक्टरात २.४७१ एकर बसतात, म्हणजे हेक्टर मोठा. मोठ्या तुकड्यात ऊस जास्त निघणार, म्हणून जमिनीसाठी २.४७१ ने पुन्हा गुणायचंच. १० गुणिले २.४७१ म्हणजे २४.७१. दोन्ही वेळा गुणाकार आहे, भागाकार कुठेच नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

उलट जायचं असेल, म्हणजे दिरांच्या आकड्याचं भावाच्या भाषेत करायचं असेल, तर २४.७१ ने भागायचं. १०२० भागिले २४.७१ म्हणजे एकरी साधारण ४१.३ टन.

उत्तर चुकलं आहे हे ओळखायचं कसं?

भावाच्या ४८ टनांचं बरोबर उत्तर ११८६ च्या आसपास आहे. चुका बहुतेक तीनच प्रकारच्या होतात आणि प्रत्येकीची खूण वेगळी.

उत्तर ४८० आलं, तर तुम्ही टनाचे क्विंटल केले पण एकराचा हेक्टर करायला विसरलात. ही सगळ्यांत फसवी चूक, कारण ४८० हा आकडा दिसायला शहाणा वाटतो. खराब शेतात हेक्टरी ४८० क्विंटल ऊस निघूही शकतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. उत्तर ११८.६ आलं, तर उलट झालं आहे. जमीन बदलली, पण वजन टनातच राहिलं. तो आकडा चुकीचा नाही, हेक्टरी टनांचा आहे, फक्त नाव चुकीचं लावलं आहे. आणि १९४ आलं, तर २.४७१ ने गुणायच्या जागी भागलं.

एक ढोबळ माप मनात ठेवा. देशाची उसाची सरासरी हेक्टरी ८० टनांच्या आसपास, म्हणजे ८०० क्विंटल, म्हणजे एकरी ३२-३३ टन असते. आपला आकडा याच्या निम्म्याखाली किंवा दुपटीच्या वर गेला, तर आधी हिशेब तपासा आणि मग शेताचं कौतुक करा.

२४.७१ कशाला, सरळ २५ ने गुणलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. सुरुवातीला मीही "सव्वा टक्क्याचा फरक पडतो, नका करू" एवढंच सांगत होते. भावाच्या पावत्या बघितल्यावर मात्र मला माझं उत्तर बदलावं लागलं.

भाऊ म्हणतो, माझं दोन एकर. सातबारा उघडला तर क्षेत्र ० हेक्टर ८० आर. दोन एकर म्हणजे खरं तर ८०.९४ आर. हे ०.९४ आर गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. एकरात ४० गुंठे असतात आणि गावात सगळे गुंठ्याला आर आणि आरला गुंठा म्हणतात. प्रत्यक्षात गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि आर म्हणजे पुरते १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावर ८० आर लिहिलेत, भाऊ त्याला ८० गुंठे म्हणतो, आणि ८० गुंठे म्हणजे दोन एकर. बोलताना कोणी कोणाला फसवत नाही. पण त्याचा बोलण्यातला एकर ४० आरचा आहे, मोजणीचा एकर ४०.४७ आरचा.

आता त्याचा ऊस घ्या. काट्यावर भरला ९६ टन. ९६ भागिले २, म्हणून तो म्हणतो एकरी ४८. मी त्या ४८ ला २४.७१ ने गुणलं आणि ११८६ काढलं. मग दुसऱ्या वाटेने गेले. ९६ टन म्हणजे ९६० क्विंटल, क्षेत्र ०.८० हेक्टर, ९६० भागिले ०.८०. उत्तर आलं बरोबर १२००. आणि ४८ गुणिले २५ सुद्धा १२००च. हा योगायोग नाही. हेक्टर म्हणजे १०० आर, आणि भावाच्या ४० आरच्या एकराने त्यात बरोबर अडीच एकर बसतात. म्हणजे त्याच्या एकरासाठी २५ हाच बरोबर गुणक आहे आणि २४.७१ चुकीचा!

दिरांकडे याच्या उलट. त्यांच्या खसऱ्यात, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यात, क्षेत्र १.२१४ हेक्टर लिहिलं आहे, आणि १.२१४ भागिले ०.४०४७ म्हणजे पक्के तीन एकर. त्यांचा एकर मोजणीचा. तिथे २५ ने गुणलं, तर एकरी ४१.३ चे १०३२ होतात, म्हणजे हेक्टरी बारा क्विंटल हवेतून आले.

म्हणून कोणी एकरी आकडा सांगितला की आधी विचारा, "तुमचा एकर किती आरचा?" उत्तर ४० आलं तर २५ ने गुणा, ४०.४७ आलं तर २४.७१ ने. उत्तर आलंच नाही, तर एकरी आकडा सोडून द्या. एकूण वजन आणि उताऱ्यावरचं हेक्टर मागा आणि एकदाच भागा. मी आता कोणाचाही एकरी आकडा घेतच नाही.

आमच्याकडे बिघ्यात बोलतात. बिघ्याचं काय करायचं?

बिघ्याचा गुणक मी कोणाला देत नाही. माळव्यात, ग्वाल्हेरकडे, गुजरातेत बिघा वेगवेगळा आहे. कधीकधी एकाच तालुक्यातल्या दोन गावांत तो जुळत नाही. "आमच्याकडे सगळे इतकाच धरतात" असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्यावर तर सर्वांत कमी विश्वास ठेवा. मध्य प्रदेशात खसऱ्यावर क्षेत्र हेक्टरमध्येच असतं. ते बघा आणि बिघा विसरा.

वजन कोणतं धरायचं? माझ्याकडे पावत्यांचा गठ्ठा आहे.

काट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात : भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोहोंतला फरक. हिशेबात फक्त फरक घ्यायचा. हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. पण एका पुतण्याने भरलेल्या ट्रॉल्यांची वजनं बेरजेला घेतली आणि घरात एकरी सत्तर टनांचा जल्लोष झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे पावत्यांची एककं. भावाच्या पावत्या टनात, तीन दशांश स्थळांपर्यंत. दिरांच्या क्विंटलमध्ये. १२.४५० लिहिलेलं दिसलं की ते टन आहेत, १२४.५० दिसलं की क्विंटल. एका ट्रॉलीत किती ऊस मावतो याचा अंदाज असेल, तर यात गोंधळ होत नाही. नसेल, तर पावतीच्या डोक्यावर काय छापलं आहे ते वाचा.

तिसरी गोष्ट मला दिरांच्या हिशेबात सापडली, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. मिलच्या पावत्यांची बेरीज ११७६ क्विंटल होती. १.२१४ ने भागल्यावर हेक्टरी ९६९ येत होते, मग भाऊजी १०२० का म्हणतात? फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, कडेच्या काही सऱ्यांचा ऊस गुऱ्हाळाला दिला ना." तिथल्या वजनाचा कागद वेगळा होता, ६२ क्विंटलचा. ११७६ आणि ६२ मिळून १२३८, भागिले १.२१४, हेक्टरी १०२० जवळजवळ नेमके. गुऱ्हाळाला गेलेला, बेण्यासाठी तोडलेला, रसवंतीवाल्याला विकलेला ऊस मिलच्या पावतीवर कधीच येत नाही, पण तो उगवला तुमच्याच जमिनीत. एका शेतात तो धरला आणि दुसऱ्यात सोडला, तर तुलना तिथेच लंगडी झाली. बेण्यासाठी तोडलेला ऊस बहुतेक वेळा कोणी तोलत नाही. मग तेवढ्या सऱ्यांची जमीन क्षेत्रातून वजा करायची. वजन नाही, तर जमीनही नाही.

वाढे आणि पाचट मात्र उत्पन्नात धरायचं नाही, कोणाच्याच शेतात. तोडणीवाले वाढे घेऊन जातात, त्याचा चारा होतो, पण तो ऊस नाही. आणि तोडलेला ऊस बांधावर तीन-चार दिवस पडून राहिला, तर त्याचं पाणी उडतं आणि काट्यावर वजन कमी भरतं. ते आकड्याने भरून काढायला जाऊ नका. फक्त शेरा लिहा : "तोड उशिरा उचलली." पुढच्या वर्षी त्याच शेताचा आकडा अचानक वाढला, तर कारण सापडेल.

क्षेत्र उताऱ्यावरचं धरायचं की प्रत्यक्ष लावलेलं?

दोन्ही चालतात, पण दोन्ही शेतांना एकच. दिरांच्या १.२१४ हेक्टरात विहीर, मोटारीची खोली आणि गाडीवाट मिळून साधारण तीन आर जातात. लावलेलं क्षेत्र धरलं तर १.१८४ हेक्टर, आणि उत्पन्न हेक्टरी १०४६ होतं. म्हणजे २६ क्विंटल नुसत्या व्याख्येने वाढले. २५ आणि २४.७१ च्या वादात जेवढा फरक पडतो, त्याच्या दुपटीने.

भावाच्या सातबाऱ्यावर पोटखराब वेगळा दाखवलेला आहे आणि ८० आर हे लागवडीचं क्षेत्र आहे. म्हणजे त्याच्या बाजूला लावलेलं क्षेत्र आधीच आलं. काटेकोर तुलना करायची तर दिरांचंही १.१८४च धरायला हवं. मी तसं केलं तेव्हा भावाने लगेच हरकत घेतली. पण हरकत घेणं सोपं आणि विहीर उचलून नेणं अवघड, म्हणून ते तसंच राहिलं. फोनवर शेताभोवती चालत क्षेत्र मोजणारी ॲप्स मिळतात, पण लहान तुकड्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे झाले तरी आकडा हलतो. पाऊण हेक्टराखाली मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

मग कोण जिंकलं?

हेच सगळ्यांना हवं असतं. नुसता हेक्टरी आकडा पाहिला तर भाऊ : १२०० विरुद्ध १०४६. पण एकक एक झालं म्हणजे शेतं तुलनेजोगी झाली असं होत नाही.

भावाचा ऊस आडसाली. जुलैत लागण केली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तोड आली, म्हणजे १७ महिने जमीन अडकली. दिरांचा सुरू हंगामाचा, जानेवारीत लावलेला आणि पुढच्या जानेवारीत तोडलेला, १२ महिन्यांचा. सतरा महिने उभा राहिलेल्या उसाला दोन पावसाळे मिळतात. तो जास्त भरणारच. यात शेतकऱ्याची हुशारी किती आणि कॅलेंडरची किती, हे हेक्टरी क्विंटल सांगत नाही.

म्हणून मी आणखी एक भागाकार करते, महिन्यांनी. १२०० भागिले १७ म्हणजे महिन्याला हेक्टरी ७०.६ क्विंटल. १०४६ भागिले १२ म्हणजे ८७.२. पारडं फिरलं. दिवाळीच्या वादात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, मग खोडवाही धर." अगदी रास्त. खोडवा तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटतो, त्याला पुन्हा बेणं आणि लागण नसते, तो लवकर येतो आणि सहसा कमी भरतो. भावाचा खोडवा १२ महिन्यांत हेक्टरी ८५० निघाला होता. लागण आणि खोडवा मिळून २०५० क्विंटल, २९ महिन्यांत, महिन्याला ७०.७. दिरांचा खोडवा ११ महिन्यांत ८७० चा. दोन्ही मिळून १९१६ क्विंटल, २३ महिन्यांत, म्हणजे ८३.३. अंतर थोडं कमी झालं, पण क्रम तोच राहिला. लागण एकाची आणि खोडवा दुसऱ्याचा अशी तुलना मात्र कधी करू नका. तिथे २४.७१ कितीही बरोबर असला, तरी उत्तराला अर्थ नाही.

दोन शेतांची मिळून सरासरी काढायची असेल तर?

दोन हेक्टरी आकडे बेरजेला घेऊन दोनने भागू नका. एकूण क्विंटल एका बाजूला, एकूण हेक्टर दुसऱ्या बाजूला. आमच्या दोन घरांचं मिळून ९६० अधिक १२३८, म्हणजे २१९८ क्विंटल. क्षेत्र ०.८० अधिक १.१८४, म्हणजे १.९८४ हेक्टर. भागाकार ११०८. नुसती सरासरी ११२३ दाखवते, कारण ती लहान शेताला मोठ्याइतकंच वजन देते.

फोनवरच्या शीटमध्ये हे कसं लिहायचं?

A स्तंभात एकूण टन, B मध्ये हेक्टर, C मध्ये महिने. मग हेक्टरी क्विंटल D मध्ये आणि महिन्याचा दर E मध्ये :

```
D2: =A2*10/B2
E2: =D2/C2
```

पावत्या क्विंटलमध्ये असतील तर `*10` काढून टाका. आणि फक्त एकरी टन हाती असतील, तेही मोजणीच्या एकराचे, तर `=A2*24.7105`. शीटमध्ये एककाचं नाव स्तंभाच्या डोक्यावर लिहाच. सहा महिन्यांनी आकडा दिसतो, पण त्याचा अर्थ आठवत नाही.

आजोबांच्या जुन्या वहीत मण आणि टन लिहिलेत. तेही जोडता येतील का?

जपून. मेट्रिक मापं येण्याआधीचा टन इंग्रजी होता, १०१६ किलोचा. त्या काळचा ४० शेरांचा सरकारी मण साधारण ३७.३२ किलोचा. बडोद्याकडे आजही मण म्हणतात तो २० किलोचा. वहीत कुठला मण आहे हे कळल्याशिवाय जुने आकडे आणि आजचे आकडे एका तक्त्यात मांडू नका.

भाव टनात आणि क्विंटलमध्ये वेगळा असतो का?

भाव तोच, फक्त १० ने गुणायचा. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. हेच महाराष्ट्रात "टनाला साडेपस्तीसशे पन्नास" असं काहीतरी बोललं जातं आणि त्यातही गोंधळ होतो. तो आकडा ३५५० आहे. प्रत्यक्ष हाती येणारे पैसे साखर उताऱ्यावर आणि तोडणी-वाहतुकीची कापणी कशी होते यावर ठरतात, म्हणून हेक्टरी क्विंटलला थेट ३५५ ने गुणून कोणाचं उत्पन्न सांगू नका. दिरांनी तसं गुणून भावाला ऐकवलं होतं. त्यावर भावाने तोडणी-वाहतुकीची बिलं काढली, आणि पुढचा तास आम्ही सगळे ती बिलं वाचत बसलो.